अ‍ॅपमध्ये गोल, विणल्यावर बसकं अंडं: फोनवर नक्षी आखताना नेमकं काय चुकतं?

गुंता_सोडवणारी
लोकरीच्या उशीच्या अभ्र्यासाठी फोनवरच्या चौकटीच्या अ‍ॅपमध्ये नक्षी आखली आहे. मधोमध एक मोठा गोल, ४० चौकटी रुंद आणि ४० चौकटी उंच. पडद्यावर अगदी रुपयासारखा गोल दिसतो. एक चौकट म्हणजे एक टाका, एक आडवी रांग म्हणजे एक ओळ, असं धरून विणलं, तर गोलाचं बसकं अंडं झालं. टाके दोनदा मोजले, एकही कमी-जास्त नाही.

दुसरा प्रश्न पडद्याचा. सगळा गोल एका वेळी पाहिला की चौकटी इतक्या बारीक होतात की बोट भलतीकडेच लागतं. मोठं करून पाहिलं तर आपण गोलाच्या कुठल्या भागात आहोत तेच कळत नाही. फोनवर हे काम करणारे लोक कसं करतात? टॅबलेट घ्या असं कृपया सांगू नका.

चष्मा_कुठंय
टॅबलेट घ्या.

(दिवे घ्या हो.)

पिक्सेलभाऊ
सोपं आहे. विणीत चित्र उंचीला दबतं, तेव्हा अ‍ॅपमधलं चित्र आधीच उंचीला ताणून ठेवायचं. कुठल्याही फोटोच्या अ‍ॅपमध्ये रुंदी-उंचीची साखळी सोडवायची आणि फक्त उंची १३५ टक्के करायची. दोन मिनिटांचं काम.

उलटसुलट
पिक्सेलभाऊंचं निदान बरोबर आहे, औषधाबद्दल नंतर बोलू.

मूळ गोष्ट अशी की विणलेला टाका चौकोनी नसतो. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी साधी वीण घेतली तर टाका उंचीपेक्षा रुंद असतो. अ‍ॅपमधली चौकट मात्र सगळ्या बाजूंनी सारखी. तुम्ही ४० टाके आणि ४० ओळी विणल्या, म्हणजे ४० रुंद विटा एकमेकींशेजारी आणि ४० बुटक्या विटा एकमेकींवर ठेवल्या. गोल बसका होणारच.

किती बसका, ते गेजवर अवलंबून. तुमच्या विणीत १० सेंमी रुंदीत किती टाके आणि १० सेंमी उंचीत किती ओळी येतात ते सांगा, मग आकडा काढून देते.

गुंता_सोडवणारी
२२ टाके, ३० ओळी.

उलटसुलट
मग हिशेब असा. ४० टाक्यांची रुंदी ४० भागिले २२ गुणिले १०, म्हणजे १८.२ सेंमी. ४० ओळींची उंची त्याच रीतीने १३.३ सेंमी. जवळजवळ पाच सेंमीचा फरक आहे, त्यामुळे डोळ्याला लगेच खुपणार.

गोल खरोखर गोल यायला हवा असेल तर उंचीही १८.२ सेंमी हवी. त्यासाठी लागणाऱ्या ओळी:

```
ओळी = टाके × ३० ÷ २२
     = ४० × ३० ÷ २२ = ५४.५
```

अर्धी ओळ विणता येत नाही, म्हणून ५४ घ्या. ५५ घेतलं तरी बिघडत नाही, पण सम संख्या का सोयीची ते पुढे सांगते. म्हणजे अ‍ॅपमध्ये तुम्हाला ४० रुंद आणि ५४ उंच अशी आकृती हवी. चौकोनी चौकटींवर ती उभ्या अंड्यासारखी दिसेल. दिसू दे.

चांगल्या अ‍ॅपमध्ये नवा तक्ता उघडतानाच गेज विचारतात, किंवा सेटिंगमध्ये टाके आणि ओळी भरायची जागा असते. ते भरलं की चौकटीच आडव्या आयताच्या होतात, आणि मग पडद्यावर जे गोल दिसतं ते विणल्यावरही गोल येतं. काही अ‍ॅप मात्र गेज विचारतात आणि तो फक्त लोकर किती लागेल याच्या हिशेबाला वापरतात, चौकट चौकोनीच ठेवतात. ओळखायची खूण सोपी आहे: पडद्यावर खरीखुरी मोजपट्टी धरा. १० चौकटी आडव्या मोजा, १० उभ्या मोजा. दोन्ही सारख्या आल्या तर त्या अ‍ॅपने तुमचा गेज चित्रासाठी वापरलेला नाही.

सुईनंबर_चार
मला वाटतं एवढ्या हिशेबाची गरज नाही. जाड सुया घेतल्या की ओळी उंच होतात. एक-दोन नंबर वरची सुई घ्या, गोल सुधारेल.

उलटसुलट
सुई बदलली की टाका दोन्ही दिशांनी मोठा होतो. समजा २२ आणि ३० चे २० आणि २७ झाले. ३० भागिले २२ म्हणजे १.३६, आणि २७ भागिले २० म्हणजे १.३५. अंडं मोठं झालं, आकार तोच राहिला. वर वीणही सैल झाली.

चष्मा_कुठंय
म्हणजे ऑम्लेट.

पिक्सेलभाऊ
तेच तर मी म्हणालो, १३६ टक्के ताणा. मी १३५ म्हणालो होतो, एक टक्का माफ करा.

उलटसुलट
आता औषधाबद्दल. तयार तक्ता ताणला की अ‍ॅप काय करतं ते पाहा. ४० रांगांच्या ५४ करायच्या म्हणजे १४ रांगा जादा हव्यात. त्या येणार कुठून? अ‍ॅप साधारण दर तिसरी रांग दोनदा छापतं. मोठ्या भरीव आकारात ते खपून जाईल, पण गोलाच्या कडेला ज्या पायऱ्या असतात त्या वेड्यावाकड्या होतात: एक पायरी एका रांगेची, पुढची दोन रांगांची, परत एकीची. आणि नक्षीत एका ओळीची आडवी रेघ असेल तर ती कुठे एका ओळीची राहते, कुठे दोन ओळींची होते. दोन पाकळ्या सारख्या काढलेल्या असतात, ताणल्यावर एक जाड होते.

दुसरी गडबड रंगांची. फोटोचं अ‍ॅप ताणताना कडा मऊ करतं, म्हणजे दोन रंगांच्या मधल्या छटा स्वतःच तयार करतं. मग तो फोटो चौकटीच्या अ‍ॅपमध्ये घेतला की दोन रंगांच्या नक्षीत सात-आठ रंग निघतात. कडेला करड्या चौकटींची रांग दिसली की समजावं, हेच झालं आहे.

ताणायचंच असेल तर चौकटी पाडण्याआधीचं मूळ चित्र ताणा, म्हणजे फोटो किंवा हाताने काढलेली आकृती, आणि मग ४० बाय ५४ च्या चौकटी पाडा. ताणणं आधी, चौकटी नंतर. हा क्रम उलटला की वरची सगळी दुखणी येतात.

पिक्सेलभाऊ
मान्य, क्रमाचा मुद्दा पटला. पण मऊ कडा टाळता येतात. आकार बदलण्याच्या पर्यायांत बहुतेक ठिकाणी कडा मऊ न करणारा एक पर्याय असतो, 'Nearest' किंवा 'Nearest neighbour' नावाचा. तो निवडला की नवे रंग येत नाहीत. पायऱ्यांचं मात्र काही करता येत नाही, त्या हातानेच नीट कराव्या लागतात.

मॅटीवाली
कशिदावाल्यांना वाटतं हा त्रास फक्त विणणाऱ्यांचा. फुलीच्या टाक्यासाठी खास विणलेलं आयडा कापड असेल तर खरंच काळजी नाही. १४ काउंट म्हणजे एका इंचात १४ फुल्या, आडव्याही आणि उभ्याही. अ‍ॅपमधली चौकोनी चौकट तिथे तंतोतंत लागू पडते.

साध्या मॅटीवर मात्र दोन्ही दिशांनी मोजल्याशिवाय आखू नये. मॅटीत ताणा आणि बाणा यांची दाटी सारखी असेलच असं नाही. समजा आडव्या १० सेंमीत ५४ घरं भरली आणि उभ्या १० सेंमीत ५०. फरक किरकोळ वाटतो, पण ६० बाय ६० चा गोल ११.१ सेंमी रुंद आणि १२ सेंमी उंच येतो. फूल असेल तर कुणाला कळणार नाही. गोल, चौकोन किंवा चेहरा असेल तर पहिल्या नजरेत कळतं. उपाय वरचाच, फक्त उलट्या दिशेने: उंची ६० घरं ठेवायची आणि रुंदी ६५ करायची.

आणि एक. चार टेबलमॅट करायची असतील तर चारही तुकडे कापडाची किनार एकाच बाजूला ठेवून कापा. एक तुकडा आडवा कापला गेला तर त्यावरचा गोल दुसऱ्या दिशेने फुगतो, आणि चारही शेजारी मांडल्यावर चूक नक्षीत शोधत बसावं लागतं.

आठवा_ठिपका
रांगोळीवाल्यांनी इथे यायचं का? माझ्या मते धागाकर्तीची अडचण अ‍ॅपची नसून पडद्याची आहे. ठिपक्यांच्या रांगोळीत १५ ते ८ ची नक्षी फोनवर पूर्ण दिसते, काढताही येते, कारण ठिपके मोजकेच असतात. विणकामातही ठिपके टाकून आखलं तर चौकटी बारीक होण्याचा प्रश्नच राहणार नाही.

जाता जाता एक शंका. १५ ते ८ ची नक्षी अ‍ॅपमध्ये छान सहा कोनी दिसते, पण जमिनीवर काढली की उभट होते. ठिपके तर बरोबर टाकलेले असतात.

उलटसुलट
विणकामात ठिपके चालणार नाहीत हो, प्रत्येक टाक्याचा रंग लागतो. पण तुमची शंका म्हणजे याच धाग्याचा दुसरा भाग आहे. दोन ठिपक्यांत अंतर किती आणि दोन ओळींत किती ठेवता?

आठवा_ठिपका
दोन्हीकडे चार सेंमी. सारखंच नको का?

मॅटीवाली
तिथेच पाणी मुरतंय. १५ ते ८ मध्ये ठिपके एकाखाली एक नसतात, वरच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध खालचा येतो. शेजारचे दोन आणि खालचा एक असे तीन ठिपके मिळून तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण व्हायला हवा. तिरकं अंतर चार सेंमी हवं असेल तर ओळींमधलं सरळ अंतर चार नसतं, ते चारच्या ०.८७ पट असतं, म्हणजे साधारण साडेतीन सेंमी.

ओळींतही चार ठेवलं की तिरकं अंतर साडेचारच्या जवळ जातं. मधली ओळ १५ ठिपक्यांची, म्हणजे १४ अंतरं, ५६ सेंमी रुंदी. उंचीत १५ ओळी, म्हणजे तिथेही १४ अंतरं. साडेतीनने ती ४९ सेंमी होते, चारने ५६. सात सेंमी फुकट उभट.

आठवा_ठिपका
अरे वा. हे कधी लक्षातच आलं नव्हतं. पण सात सेंमी म्हटल्यावर एक विचारते, साडेतीनचं अंतर १४ वेळा हाताने मोजताना तेवढीच चूक होणार नाही का?

मॅटीवाली
प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपासून मोजली तर होणार, कारण प्रत्येक वेळची दोन मिलिमीटरची चूक पुढच्या ओळीत जाते. मधली १५ ठिपक्यांची ओळ आधी टाका आणि वरच्या-खालच्या सगळ्या ओळी तिच्यापासूनच मोजा: ३.५, ७, १०.५, १४ असं २४.५ पर्यंत. पट्टी एकदाच ठेवायची आणि कडेला खुणा करून घ्यायच्या.

चौकोनी चौकटींच्या अ‍ॅपमध्येच आखायचं असेल तर एक सोपी युक्ती आहे. दोन ठिपक्यांत आडव्या ८ चौकटींचं अंतर, दोन ओळींत ७ चौकटी, आणि प्रत्येक ओळ ४ चौकटींनी सरकवलेली. सात भागिले आठ म्हणजे ०.८७५, फरक एका टक्क्याचा. डोळ्याला दिसत नाही.

रांग_ओळ
या बाबतीत माझं मत वेगळं आहे. हाताने टाकलेल्या ठिपक्यांत इतकी अचूकता आणली की रांगोळी छापल्यासारखी दिसते. थोडी उभट असली म्हणून काय बिघडलं? जोडणाऱ्या रेषा गोलाईने घेतल्या की नजर ते सांभाळून घेते. आणि सरळ ठिपक्यांच्या रांगोळीत तर दोन्हीकडचं अंतर सारखंच असतं, तिथे हा हिशेब नको.

मॅटीवाली
सरळ ठिपक्यांबद्दल बरोबर. बाकी आवडीचा प्रश्न आहे. पण सहा पाकळ्यांच्या फुलात वरची-खालची पाकळी लांब आणि बाजूच्या चार आखूड आल्या तर माझी नजर तरी सांभाळून घेत नाही.

रांग_ओळ
फूल काढताना पाकळी जरा आखूड घ्यावी की. असो.

साखळीखांब
क्रोशेवाल्यांसाठी कुणी सांगेल का? एक खांब, दोन साखळ्या अशा जाळीत भरलेल्या आणि रिकाम्या चौकटींची नक्षी असते. ती चौकोनी धरायची का? माझ्याकडे कधी चौकोनी येते, कधी बुटकी.

उलटसुलट
खांब किती उंच ओढता त्यावर आहे ते, आणि हात बदलला की बदलतं. जाळीचा १० बाय १० चौकटींचा तुकडा करा, धुऊन वाळवा, मग मोजा. आकडा हातात आल्याशिवाय सांगणं कठीण.

आता धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, तो राहूनच गेला.

फोन उभा धरला तर नक्षीला साधारण ७ सेंमी रुंदी मिळते. त्यात ४० चौकटी म्हणजे एक चौकट पावणेदोन मिलिमीटरची. बोटाचं टोक सात-आठ मिलिमीटर जागा झाकतं. म्हणजे बोटाखाली एका वेळी चार चौकटी आडव्या आणि तेवढ्याच उभ्या. त्यात हवी ती एक चौकट लागली तर तो योगायोग.

गोल दोन्ही बाजूंनी सारखा असतो, मग चारपैकी एकच पाव भाग काढायचा: २० टाके रुंद, २७ ओळी उंच. बाकीचे तीन भाग आरशाच्या सोयीने अ‍ॅप काढतं. फोन आडवा धरला तर रुंदी १५ सेंमीच्या आसपास मिळते, २० चौकटींना प्रत्येकी सात मिलिमीटरपेक्षा जास्त. एवढ्यात बोट नीट लागतं. उंचीत सगळ्या २७ ओळी मावणार नाहीत, म्हणून दहा-दहा ओळींचे पट्टे करून काम करा आणि दर दहाव्या रेषेला जाड करण्याची सोय चालू ठेवा. आपण कुठे आहोत ते त्या जाड रेषांवरूनच कळतं.

सम संख्या का म्हणाले ते आता. ४० टाके असतील तर मधली रेषा दोन चौकटींच्या मधून जाते. काही अ‍ॅपमध्ये आरसा चौकटींच्या मधल्या रेषेवर असतो, काहींत एका चौकटीवरच असतो. दुसऱ्या प्रकारात ४० चे ३९ किंवा ४१ होतात आणि गोल एका बाजूला सरकतो. काम सुरू करण्याआधी अगदी उजव्या कडेच्या शेवटच्या चौकटीत एक ठिपका टाका. आरशातला ठिपका डाव्या कडेच्या शेवटच्या चौकटीत पडला तर ठीक. एक चौकट अलीकडे पडला किंवा गायब झाला तर त्या अ‍ॅपसाठी ४१ टाके आणि ५५ ओळी घ्या.

चष्मा_कुठंय
गंमत बाजूला ठेवून एक भर घालतो. दोन बोटांनी लहान-मोठं करताना पहिलं बोट जिथे टेकतं तिथे ठिपका पडतो आणि तो लक्षातही येत नाही. काम संपल्यावर अ‍ॅपची रंगांची मोजणी पाहा. आरशात काढलेल्या सम गोलात प्रत्येक रंगाच्या चौकटींची संख्या चारने भागली गेलीच पाहिजे. नाही गेली तर कुठेतरी भटका ठिपका आहे. आरसा चालू असताना पडलेला ठिपका मात्र चारही ठिकाणी पडतो, तो या मोजणीत सापडत नाही, नजरेनेच शोधावा लागतो.

सुईनंबर_चार
ही मोजणीची युक्ती भारी आहे.

तयार तक्ता दुसऱ्या फोनवर पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका. निरोपाचं अ‍ॅप फोटो दाबून लहान करतं आणि बारीक रेषा पुसट होतात, दोन जवळचे रंग एकच दिसायला लागतात. 'Document' म्हणून पाठवा.

कोरा_कागद
मी एवढ्या वेळ वाचतोय, एक साधा प्रश्न. तो बिघडलेला गोल उसवला नसेल ना? तोच तर सगळ्यात मोठा नमुना आहे. त्याची रुंदी आणि उंची मोजली की गेज आपोआप मिळतो.

उलटसुलट
हे मला आधी सुचायला हवं होतं. धागाकर्ती, गोल अजून असेल तर सपाट पसरून, न ताणता मोजा.

गुंता_सोडवणारी
आहे अजून. मोजला. रुंदी १७.४ सेंमी, उंची १५.४ सेंमी.

उलटसुलट
हे जमत नाही. तुमच्या २२ आणि ३० नुसार तो १८.२ रुंद आणि १३.३ उंच यायला हवा होता. उंचीत दोन सेंमीचा फरक मोजण्याच्या चुकीने पडत नाही. हा गेज तुम्ही मोजलेला आहे की लोकरीच्या पट्टीवर छापलेला?

गुंता_सोडवणारी
पट्टीवरचा. आणि एक सांगायचं राहिलं, महत्त्वाचं आहे का माहीत नाही. गोल भरीव नाही. आत-बाहेर सगळीकडे बारीक बुट्टी आहे, एका रंगाचे सलग तीनपेक्षा जास्त टाके कुठेच नाहीत. न वापरलेला रंग मागून नेत विणलं आहे.

उलटसुलट
अहो, महत्त्वाचं म्हणजे काय, सगळं तिथेच आहे!

पट्टीवरचा गेज एका रंगाच्या साध्या विणीचा असतो. दुसरा धागा मागून नेत विणलं की तो धागा टाक्यांना रुंदीत आवळतो आणि ओळ तितकी दबत नाही. त्यामुळे टाका चौकोनाच्या जवळ जातो. तुमच्या मापावरून: ४० टाके १७.४ सेंमीत, म्हणजे १० सेंमीत २३. ४० ओळी १५.४ सेंमीत, म्हणजे १० सेंमीत २६. २६ भागिले २३ म्हणजे १.१३. मी धरलं होतं १.३६.

माझ्या सांगण्यावरून ५४ ओळी विणल्या असत्या तर उंची २०.८ सेंमी झाली असती आणि आडव्या अंड्याऐवजी उभं अंडं मिळालं असतं.

चष्मा_कुठंय
प्रगतीच की. निदान उभं राहिलं.

पिक्सेलभाऊ
म्हणजे माझे १३५ टक्केही गेले.

उलटसुलट
तुमचेही, माझेही. नवा हिशेब: ४० गुणिले २६ भागिले २३, उत्तर ४५.२. सम संख्या हवी म्हणून ४६ घेते. उंची १७.७ सेंमी होईल, रुंदी १७.४. तीन मिलिमीटरचा फरक उशीवर दिसणार नाही.

पाव भाग २० टाके, २३ ओळी. वरच्या टोकाकडून मध्याकडे येताना, मधल्या रेषेपासून प्रत्येक ओळीत इतके टाके गोलाच्या आत:

```
४, ७, ९, ११, १२, १३, १४, १५,
१६, १६, १७, १७, १८, १८,
१९, १९, १९, १९,
२०, २०, २०, २०, २०
```

आधी एवढी बाहेरची कड भरून घ्या, आरसा लावा, आणि पडद्यावर ती किंचित उभट दिसली तर घाबरू नका. आतली बुट्टी जुन्या तक्त्यातून ताणून आणू नका, नव्याने भरा. तिचा घास तीन-चार टाक्यांचाच आहे, ताणली तर काही ठिकाणी एकाच रंगाच्या ओळी दुप्पट होऊन बुट्टी लांबुडकी दिसेल.

कोरा_कागद
धुतल्यावर माप बदलेल का? दोन रंगांची वीण धुतल्यावर सपाट होते, आवळलेले टाके सैल पडतात असं दिसतं.

उलटसुलट
बदलू शकतं. म्हणून नवा गोल घालण्याआधी तो जुना तुकडाच कोमट पाण्यात भिजवून, पिळा न देता, सपाट वाळवून परत मोजलेला बरा. रुंदी अर्धा सेंमी वाढली तर टाके १० सेंमीत २२.३ होतील आणि ओळी ४६ ऐवजी ४७ कडे झुकतील. तेवढ्यासाठी यादी बदलायची की नाही ते तुम्ही ठरवा.

गुंता_सोडवणारी
भिजत घातला आहे. वाळला की मोजून इथेच लिहिते. तोपर्यंत आरशाची परीक्षा घेतली: उजव्या कडेला ठिपका टाकला, डावीकडे एक चौकट अलीकडे पडला. म्हणजे मला ४१ टाके घ्यावे लागणार. मग वरची यादी कशी बदलायची? प्रत्येक आकड्यात अर्धा वाढवायचा का?

उलटसुलट
अर्धा नको. यादी तशीच ठेवा, ती मधल्या टाक्याच्या एका बाजूची समजा, आणि मधला एक टाका प्रत्येक ओळीत जास्तीचा. म्हणजे पहिली ओळ ४ अधिक १ अधिक ४, एकूण ९. मधली ओळही तशीच एकदाच जास्तीची, २० अधिक १ अधिक २०. एकूण ४१ टाके, ४७ ओळी. वरचं टोक एका टाक्याने सपाट दिसेल. खुपलं तर पहिल्या ओळीत ४ ऐवजी ३ करून पाहा.

साखळीखांब
जाळीचा १० बाय १० चा तुकडा केला. रुंदी ८.५ सेंमी, उंची ७.६. अजून धुतलेला नाही. हे बुटकं धरायचं की माझा हात घट्ट आहे?